शून्य गेले कुठे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पदवीच्या शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, किरणोत्सर्गाचा प्रयोग करीत होते. गायगर गणित्रासमोर किरणोत्सर्गी पदार्थाची एक छोटी चकती ठेवायची आणि दर पाच मिनिटांत किती कण गणित्रात शिरतात ते मोजायचे, असा तो प्रयोग. मोजणीचे काम त्यांनी ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या संचाकडे सोपवले होते. पाच मिनिटे झाली की संच आपणहून आकडा काढी आणि शेजारचा लहानसा मुद्रक तो कागदावर छापी.

दुपारी दोघे कागदाची लांब पट्टी घेऊन माझ्याकडे आले. पट्टीवरचे आकडे असे होते : २७,४१२, २७,५६८, २७३५, २७,२८४, २७,६३१, २७,३५९, २७४९... बहुतेक आकडे सत्तावीस हजारांच्या घरात, पण मध्येच एखादा अडीच-पावणेतीन हजारांवर घसरलेला. साधारण पाच नोंदींमागे एक अशी.

किरणोत्सर्गात चढउतार होतातच. पण त्या चढउतारालाही मर्यादा असते. सरासरी २७,४०० कण मोजले जात असतील, तर तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १६५ चा फरक नेहमीचा समजावा. २७,४०० वरून एकदम २,७३५ वर येणे म्हणजे अघटितच. आम्ही गणित्राचा विद्युतदाब तपासला, तारा बदलल्या, चकती हलते का ते पाहिले. सारे काही ठीक होते.

शेवटी लक्षात आले की दोष मोजणीत नव्हताच. संचाने आकडा बरोबर मोजला होता. तो कागदावर लिहिताना चुकत होता! संख्या मोजणे आणि संख्या लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकाच्या पोटातली संख्या दशमान अंकांत कशी लिहिली जाते, आणि आपण लिहिलेले अंक वाचून त्यांची पुन्हा संख्या कशी बनते, हे एकदा मुळापासून पाहिले, की ते हरवलेले शून्य कुठे गेले हेही आपोआप कळेल.

संख्या निराळी, अंक निराळे

८०८५ हा मायक्रोप्रोसेसर इंटेल कंपनीने १९७६ साली बाजारात आणला. त्याच्या आत A, B, C, D, E, H आणि L नावाची रजिस्टरे असतात. रजिस्टर म्हणजे आठ बिटांची एक छोटी पाटी. B आणि C, D आणि E, H आणि L अशा जोड्या केल्या, की प्रत्येक जोडी सोळा बिटांची होते आणि तीत ० पासून ६५,५३५ पर्यंतची संख्या मावते.

समजा, HL या जोडीत २७,३०५ ही संख्या आहे. तिथे २, ७, ३, ०, ५ असे अंक शोधायला जाल तर ते सापडणार नाहीत. तिथे असते ते इतकेच : 0110 1010 1010 1001. चार-चार बिटांचे गट करून षोडशमान पद्धतीने लिहिले, तर हीच संख्या 6AA9H होते. (शेवटचा H ही केवळ षोडशमानाची खूण.) संचावरच्या छोट्या पडद्यावर हेच 6AA9 दिसते. मुद्रकाला मात्र संख्या कळत नाही. त्याला एका वेळी एक अक्षर कळते. प्रत्येक अक्षराला ॲस्की नावाच्या कोष्टकात एक संकेतांक दिलेला आहे. ‘0’ या अक्षराचा संकेतांक 30H, ‘1’ चा 31H, आणि असे ओळीने ‘9’ चा 39H.

म्हणजे 6AA9H ही एक संख्या घेऊन आपल्याला 32H, 37H, 33H, 30H, 35H असे पाच संकेतांक स्मृतीत ओळीने मांडायचे आहेत. मोठ्या संगणकांवर हे काम तयार आज्ञावल्या करून देतात. पण असेंब्ली भाषेत, तयार काहीही न वापरता, ते आपले आपणच करायचे असते.

भागाकार नाही, तर काय?

कागदावर आपण काय करू? २७,३०५ ला १० ने भागू. बाकी ५ उरेल; तो एकं स्थानचा अंक. भागाकार २,७३० आला. त्याला पुन्हा १० ने भागू. बाकी ०. असे करत गेलो की सगळे अंक मिळतात. मात्र ते उलट्या क्रमाने मिळतात : आधी ५, मग ०, मग ३. ते उलटवून घ्यावे लागतात.

पण ८०८५ ला भागाकार येतच नाही! त्याच्या आज्ञांमध्ये बेरीज आहे, वजाबाकी आहे; गुणाकार आणि भागाकार मात्र नाहीत. (भागाकाराची आज्ञा इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ मध्ये आली.) पुनःपुन्हा १० वजा करून भागाकार करता येईल, पण ६५,५३५ मधून १० काढत बसायचे म्हणजे पहिल्या अंकासाठीच ६,५५३ वजाबाक्या.

तेव्हा दुसऱ्या टोकाने सुरुवात करू या. दुकानदार मोठी रक्कम मोजताना आधी सर्वांत मोठ्या नोटा काढतो, मग त्याहून लहान, आणि शेवटी सुटे पैसे. आपणही तसेच करू. २७,३०५ मधून १०,००० किती वेळा निघतात? दोन वेळा. पहिला अंक २, आणि उरले ७,३०५. त्यातून १,००० सात वेळा निघतात, उरले ३०५. त्यातून १०० तीन वेळा, उरले ५. त्यातून १० एकदाही निघत नाहीत, म्हणून अंक ०. शेवटी उरलेले ५ हा शेवटचा अंक. अंक सरळ क्रमाने मिळाले. उलटवायची गरज नाही. आणि वजाबाक्या झाल्या फक्त बारा.

बेरीज करून वजाबाकी

आता एक गंमत पाहा. ८०८५ मध्ये सोळा बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारी DAD ही आज्ञा आहे, पण तशी वजाबाकी करणारी आज्ञा त्याच्या पुस्तिकेतील यादीत नाही. म्हणून वजाबाकीही बेरजेनेच करायची.

स्कूटरचा किलोमीटर-मापक आठवा. समजा त्याला पाच चाके आहेत आणि त्यावर २७३०५ हा आकडा आहे. आता स्कूटर आणखी ९०,००० किलोमीटर चालली. खरी बेरीज होईल १,१७,३०५. पण सहावे चाक नसल्यामुळे पुढचा १ कुठेच दिसणार नाही आणि मापकावर १७३०५ उरेल. म्हणजे ९०,००० मिळवणे हे १०,००० वजा करण्यासारखेच झाले! आणि बाहेर पडलेला तो १, म्हणजे आपला शाळेतला हातचा, आपल्याला एक बातमीही देऊन गेला : मूळ संख्येत १०,००० खरोखरच होते. मापकावर ७३०५ असते, तर ७,३०५ + ९०,००० = ९७,३०५. हातचा बाहेर पडला नाही. म्हणजे १०,००० निघणे शक्य नव्हते.

HL ही जोडीही असाच एक मापक आहे. फक्त तो ६५,५३५ नंतर शून्यावर येतो. म्हणून १०,००० वजा करायचे तर ६५,५३६ − १०,००० = ५५,५३६ मिळवायचे. हीच संख्या षोडशमानात D8F0H. त्याचप्रमाणे १,००० साठी FC18H, १०० साठी FF9CH आणि १० साठी FFF6H. बाहेर पडलेला हातचा ८०८५ एका वेगळ्या बिटात जपून ठेवतो आणि ‘हातचा असेल तर तिकडे जा’ अशी JC ही आज्ञाही देतो.

आता आज्ञावली पाहू. HL मध्ये संख्या आहे, आणि अंक जिथे लिहायचे ती स्मृतीतील जागा DE दाखवत आहे.

```
UTOA:  LXI  B,0D8F0H
       CALL DIGIT
       LXI  B,0FC18H
       CALL DIGIT
       LXI  B,0FF9CH
       CALL DIGIT
       LXI  B,0FFF6H
       CALL DIGIT
       MOV  A,L
       ADI  30H
       STAX D
       RET

DIGIT: MVI  A,2FH
NEXT:  INR  A
       DAD  B
       JC   NEXT
       STAX D
       INX  D
       MOV  A,L
       SUB  C
       MOV  L,A
       MOV  A,H
       SBB  B
       MOV  H,A
       RET
```

खरे काम DIGIT या भागात होते. A मध्ये आधी 2FH ठेवले आहे, म्हणजे ‘0’ च्या संकेतांकाहून एक कमी. मग A एकाने वाढतो आणि DAD B ही आज्ञा HL मध्ये BC मिळवते. हातचा निघाला, तर पुन्हा तेच. म्हणजे A हा संकेतांकांतच मोजत जातो : ‘0’, ‘1’, ‘2’... मोजणी संपते तेव्हा अंकाचे अक्षर तयारच असते आणि STAX D ते स्मृतीत ठेवते.

आपली संख्या घालून पाहू. २७,३०५ + ५५,५३६ = ८२,८४१. त्यातून ६५,५३६ बाहेर पडले, उरले १७,३०५ आणि हातचा १. पुन्हा : १७,३०५ + ५५,५३६ = ७२,८४१; उरले ७,३०५, हातचा १. पुन्हा : ७,३०५ + ५५,५३६ = ६२,८४१. हातचा नाही. या वेळी A मध्ये 32H आहे, म्हणजे ‘2’. पण HL मध्ये मात्र ६२,८४१ असा भलताच आकडा बसला आहे, कारण शेवटची बेरीज आपण नको असताना केली. ती परत घ्यायला हवी. DIGIT च्या शेवटच्या ओळी तेवढ्यासाठीच आहेत : आठ-आठ बिटांच्या दोन वजाबाक्या करून HL मधून BC काढून टाकायचे. ६२,८४१ − ५५,५३६ = ७,३०५. आता पुढच्या अंकाला सुरुवात.

या शेवटच्या ओळी विसरणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. ती ओळखायची कशी? पहिला अंक बरोबर येतो आणि पुढचे सगळे बिघडतात. दुसरा तर अंकही नसतो : ६२,८४१ मधून १,००० बासष्ट वेळा निघतात, तेव्हा A ‘9’ च्या कितीतरी पुढे जातो आणि कागदावर ‘n’ हे अक्षर उमटते. अंकांच्या जागी अक्षर किंवा चिन्ह दिसले, की बाकी परत घ्यायची राहिली असे समजावे.

वेळेचा हिशेबही करून पाहा. सर्वांत जास्त फेऱ्या ५९,९९९ ला लागतात : ५ + ९ + ९ + ९ = ३२ यशस्वी आणि प्रत्येक स्थानाची एक अयशस्वी अशा चार, एकूण ३६. एका फेरीला घड्याळाचे सुमारे २४ ठोके लागतात. घड्याळ सेकंदाला ३० लाख ठोके देत असेल, तर या फेऱ्यांना सेकंदाचा तीन हजारावा भागही लागत नाही. १०-१० वजा करण्याच्या पद्धतीत मात्र ६५,५३५ साठी सर्व अंकांना मिळून सात हजारांहून अधिक फेऱ्या पडल्या असत्या.

पुढची शून्ये

ही आज्ञावली नेहमी पाच अंक लिहिते. संख्या १८४ असेल तर ‘00184’ असे छापले जाते. आणि आमच्या प्रयोगातला घोटाळा इथेच झाला.

मुख्य प्रयोगाआधी दोघांनी चकती न ठेवता परिसरातील किरणोत्सर्ग मोजला होता. पाच मिनिटांत १८४ कण आले आणि कागदावर ‘00184’ उमटले. पुढची दोन शून्ये त्यांना खटकली. म्हणून त्यांनी प्रत्येक अंक लिहिण्याआधी, शेवटच्या अंकाआधीही, एक अट घातली : अंक ‘0’ असेल तर तो लिहू नये. पुन्हा मोजून पाहिले, ‘184’ छापून आले, दोघे खूश! १८४ मध्ये आत कुठे शून्यच नव्हते, तेव्हा चूक दिसणार कशी?

मग चकती ठेवली. २७,४१२ व्यवस्थित छापला गेला. पण २७,३०५ मधले दहं स्थानचे शून्यही त्या अटीने गिळले आणि कागदावर ‘2735’ उमटले. बिघडलेल्या नोंदी पाचांत एक अशा का होत्या, तेही आता कळेल. अशा मोजणीत शेवटचे दोन अंक ०० पासून ९९ पर्यंत कोणतेही असू शकतात. या शंभर जोड्यांपैकी १९ मध्ये निदान एक शून्य असते. शंभरात एकोणीस, म्हणजे जवळजवळ पाचांत एक.

मुलांनी विचारले, “सर, निदान आता त्या नोंदी दुरुस्त करता येतील ना?” येणार नव्हत्या. ‘2735’ हे २७,३०५ चे असेल किंवा २७,३५० चेही असेल. गिळलेले शून्य कोणत्या स्थानावर होते, हे कागद सांगू शकत नाही. अख्ख्या दुपारचे मोजमाप पुन्हा करावे लागले.

योग्य उपाय असा. पाचही अंक आधी लिहू द्यावेत. मग पहिल्या अंकापासून पुढे सरकत शून्ये ओलांडावीत, आणि शून्य नसलेला पहिला अंक भेटला की थांबावे. त्यापुढची शून्ये मोलाची. त्यांना हात लावायचा नाही.

```
       LXI  H,BUF
       MVI  B,4
SKIP:  MOV  A,M
       CPI  30H
       JNZ  DONE
       INX  H
       DCR  B
       JNZ  SKIP
DONE:
```

इथे BUF म्हणजे पहिल्या अंकाची जागा. DONE ला पोचल्यावर जिथून छापायचे ती जागा HL दाखवतो. B मध्ये ५ नव्हे, ४ ठेवले आहेत, हे नीट पाहा. संख्या शून्यच असेल तर पाचही अंक ‘0’ असतात. पाचही ओलांडले तर कागदावर काहीच उमटणार नाही, आणि वाचणाऱ्याला वाटेल की यंत्र बंद पडले. चारच ओलांडले की एक ‘0’ शिल्लक राहते.

परतीचा प्रवास

आता उलटे काम. कळफलकावरून कोणी ‘27305’ असे टाइप केले आहे. स्मृतीत पाच संकेतांक आहेत. त्यांची एक संख्या करायची आहे. हे काम अधिक सोपे. शून्यापासून सुरुवात करायची आणि नवा अंक आला की आधीच्या संख्येला १० ने गुणून तो मिळवायचा. २, मग २ × १० + ७ = २७, मग २७३, मग २,७३०, मग २७,३०५.

पण ८०८५ ला गुणाकारही येत नाही. तरी संख्येची दुप्पट करता येते, कारण HL मध्ये HL च मिळवला की झाले. दुप्पट, तिची दुप्पट म्हणजे चौपट, त्यात मूळ संख्या मिळवली की पाचपट, आणि तिची दुप्पट म्हणजे दहापट. चार बेरजांत काम फत्ते!

```
ATOU:  LXI  H,0
LOOP:  LDAX D
       SUI  30H
       CPI  0AH
       RNC
       INX  D
       MOV  B,H
       MOV  C,L
       DAD  H
       DAD  H
       DAD  B
       DAD  H
       MOV  C,A
       MVI  B,0
       DAD  B
       JMP  LOOP
```

आधी संकेतांकातून 30H वजा केले जाते. मग उत्तर १० पेक्षा कमी आहे का, ते पाहिले जाते. कमी नसेल, तर ते अक्षर अंक नव्हते. काम संपले आणि RNC ने परत. एखादे अक्षर ‘0’ च्याही आधीचे असेल तर? रिकाम्या जागेचा संकेतांक 20H. त्यातून 30H वजा केले की मापक उलटा फिरून F0H वर जातो, आणि तेही १० पेक्षा मोठेच ठरते. म्हणून ‘0’ च्या अलीकडची आणि ‘9’ च्या पलीकडची अशी दोन्ही बाजूंची अक्षरे एकाच तुलनेत पकडली जातात.

मात्र या आज्ञावलीत एक खड्डा आहे. कोणी ‘70000’ टाइप केले तर? ७०,००० सोळा बिटांत मावत नाही. मापक शून्यावरून पुढे जाईल आणि HL मध्ये ७०,००० − ६५,५३६ = ४,४६४ राहील. तक्रार नाही, खूण नाही. ४,४६४ हा दिसायला अगदी सभ्य आकडा आहे.

हे पकडायला हातचा तपासायला हवा, हे तुम्हांला सुचले असेलच. पण कधी तपासायचा? सर्व बेरजा झाल्यावर एकदाच तपासला तर फसगत होईल. ७,००० ची दहापट कशी होते ते पाहा : १४,०००, २८,०००, ३५,००० आणि मग ७०,०००. या चौथ्या बेरजेत हातचा निघाला. पण त्यानंतर शेवटचा अंक ० मिळवण्यासाठी पाचवी बेरीज झाली, तीत हातचा निघाला नाही, आणि आधीच्या हातच्याची खूण पुसली गेली. ८०८५ फक्त ताज्या बेरजेचा हातचा लक्षात ठेवतो. उलट ‘65536’ टाइप केले, तर ६५,५३० पर्यंत सारे ठीक असते आणि शेवटचे ६ मिळवतानाच मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पाचही DAD आज्ञांच्या मागे प्रत्येकी एक JC हवी. ती जिथे नेईल तिथे ‘संख्या फार मोठी’ असे वापरणाऱ्याला सांगायचे.

जाऊन येऊन परीक्षा

दोन्ही आज्ञावल्या तयार झाल्या की त्यांची परीक्षा एकमेकींकडूनच घेता येते. ० पासून ६५,५३५ पर्यंतची प्रत्येक संख्या पहिलीकडून लिहून घ्यायची, पुढची शून्ये ओलांडायची, ते अंक दुसरीकडून वाचून घ्यायचे, आणि मूळ संख्या परत आली का ते पाहायचे. (पाचव्या अंकानंतर अंक नसलेले एखादे अक्षर, उदाहरणार्थ 00H, ठेवायला विसरू नका, नाहीतर वाचणारी आज्ञावली पुढच्या स्मृतीतही अंक शोधत जाईल.) सगळ्या ६५,५३६ संख्यांची ही परीक्षा संच एका मिनिटाच्या आत संपवतो. आमच्या विद्यार्थ्यांनी ती घेतली असती, तर दहा या संख्येलाच बिंग फुटले असते : गेले १०, परत आला १!

पण या परीक्षेलाही मर्यादा आहे. दोन्हीकडे एकच चूक असेल तर ती लपते. समजा, दोन्ही आज्ञावल्यांत 30H च्या जागी चुकून 31H धरले. लिहिणारी प्रत्येक अंक एकाने चढवून लिहील, वाचणारी तो एकाने उतरवून वाचील, आणि संख्या जशीच्या तशी परत येईल. कागदावर मात्र प्रत्येक अंक चुकीचा असेल. म्हणून ०, ९, १०, २७,३०५, ५९,९९९ आणि ६५,५३५ एवढ्या तरी संख्या छापून स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात.

आणि अंक मराठी हवे असतील तर? १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण संकेत-कोष्टक ठरले. त्यात ‘०’ चा संकेतांक F1H आहे आणि पुढचे अंक ओळीने FAH पर्यंत येतात. ते कोष्टक समजणारा मुद्रक असेल, तर UTOA मधले फक्त दोन बाइट बदलायचे : 2FH च्या जागी F0H आणि 30H च्या जागी F1H. आतली संख्या तीच, 6AA9H. कागदावर मात्र २७३०५. शून्ये ओलांडताना आणि परत वाचताना कोणते बाइट बदलावे लागतील, ते तुम्हीच शोधा.

त्या दोघांनी दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा केला. नवी पट्टी माझ्याकडे आणली तेव्हा त्यांनी तिच्यावरचे प्रत्येक शून्य लाल शाईने अधोरेखित केले होते. ती त्यांनी आधी मोजलीही होती.